बाटलीवरचा दुसरा आकडा

घाट उतरताना ब्रेकचं पेडल एकाएकी तळाला जातं. चालक कसाबसा गाडी कडेला घेतो, अर्ध्या तासाने मेकॅनिक येतो, पेडल दाबून पाहतो, आणि ते पहिल्यासारखं कडक लागतं. गळती कुठेच नाही, पॅड शिल्लक आहेत, मास्टर सिलिंडर ठीक आहे. ‘काही झालेलं नाही, न्या गाडी,’ असं सांगून तो निघून जातो. पेडल तळाला गेलं हे खरं असतं आणि तपासणीत काही सापडलं नाही हेही खरं असतं. अर्ध्या तासापूर्वी चाकाजवळच्या ब्रेक ऑइलला उकळी आली होती. ते थंड झालं, वाफेचं पुन्हा पाणी झालं आणि दोष जागच्या जागी लपला. नवं असताना हे ऑइल दोनशे अंशांच्या पुढेच उकळतं. मग ते दीडशेलाच का उकळलं? त्यात पाणी मिसळलेलं होतं म्हणून. ते पाणी कुणी ओतलं नव्हतं. ऑइलने ते स्वतःच हवेतून घेतलं होतं.

आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण नेहमीच्या गाडीतल्या या द्रवात तेल नसतं. त्यात असतात ग्लायकॉल इथर नावाची रसायनं. त्यांच्या लांबट रेणूत ठरावीक अंतराने ऑक्सिजनचे अणू बसलेले असतात आणि टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते. पाण्याच्या रेणूचीही घडण तशीच असल्यामुळे दोघांमध्ये हायड्रोजन बंध पटकन जुळतात आणि पाणी या द्रवात पूर्ण विरघळून जातं. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, तसंच हेही हवेतली वाफ ओढून घेतं. फरक एवढाच की मिठाचा ओलावा हाताला लागतो, इथे मात्र द्रव दिसायला तसाच नितळ राहतो.

ब्रेकची यंत्रणा तर बंद असते, मग ओल आत शिरते कुठून? एक वाट बॉनेटखालच्या ऑइलच्या डबीच्या झाकणातून आहे. पॅड झिजतात तसा कॅलिपरमधला पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्यामागे जास्त ऑइल जातं आणि डबीतली पातळी उतरते. रिकाम्या झालेल्या जागेत हवा यायलाच हवी, नाहीतर पोकळी होईल. झाकणाखाली रबराचा पडदा बसवून ही हवा थेट ऑइलला लागू नये अशी सोय बऱ्याच गाड्यांत केलेली असते, पण ती पूर्ण बंदोबस्त नव्हे. दुसरी वाट डोळ्यांना दिसत नाही आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे. चाक वळतं, वरखाली होतं, म्हणून शेवटच्या हातभर अंतरात लोखंडी नळीऐवजी रबरी होज असतो. रबर ऑइलला अडवतं, पण पाण्याच्या वाफेचे सुटे रेणू त्याच्या भिंतीतून हळूहळू आत झिरपतात. होजला चीर नसली तरी हे रात्रंदिवस चालू असतं, गाडी महिनोन्‌महिने दारात उभी असली तरीही. म्हणूनच ‘गाडी फिरलीच नाही, ऑइल कशाला बदलायचं?’ हा हिशोब इथे लागू पडत नाही. इंजिन ऑइलचं आयुष्य बरंचसं किलोमीटरवर मोजतात, याचं कॅलेंडरवर मोजावं लागतं.

इतका त्रास आहे तर पाणी न ओढणारा द्रवच का वापरत नाहीत, असं कुणालाही वाटेल. तसा द्रव आहे. तो सिलिकोनचा असतो आणि त्याला डॉट ५ म्हणतात. १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्याने आपल्या वाहनांसाठी तो स्वीकारला, कारण वर्षानुवर्षं गोदामात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये गंज चढू नये हा त्यांचा मोठा प्रश्न होता. पण ओढून न घेतलेलं पाणी नाहीसं होत नाही. यंत्रणेत शिरलेलं थोडं पाणी सिलिकोनमध्ये विरघळत नसल्याने सुटं राहतं, जड असल्यामुळे तळाशी उतरतं आणि साचतं. ब्रेकच्या यंत्रणेत सगळ्यात खालची जागा कॅलिपरची असते, आणि सगळ्यात तापणारीही तीच. तिथे साचलेला शुद्ध पाण्याचा थेंब शंभर अंशांच्या आसपास उकळतो, कडाक्याच्या थंडीत गोठतो आणि ज्या धातूवर बसतो त्याला एकाच जागी खड्डा पाडतो. शिवाय सिलिकोनमध्ये हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात, त्यामुळे एबीएस असलेल्या गाडीत तो चालत नाही. ग्लायकॉल पाणी ओढतं म्हणजे ते पाणी सगळ्या द्रवात पातळ करून पसरवतं. तीन टक्के पाणी असलेलं ऑइल दीडशेच्या आसपास उकळेल, पण सुट्या थेंबासारखं शंभरला नाही. ओल धरण्याचा गुण या द्रवात म्हणून मुद्दाम पत्करलेला आहे. त्याची किंमत ऑइल वेळेवर बदलून चुकवायची असते.

आता बाटली हातात घेऊ. तिच्यावर डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ असं छापलेलं असतं. डॉट म्हणजे अमेरिकेचं परिवहन खातं. त्याने ठरवलेली प्रतवारी आज जगभर चालते. या प्रतवारीत प्रत्येक प्रकाराला उकळण्याच्या दोन किमान मर्यादा दिल्या आहेत. एक कोरडी, दुसरी ओली. डॉट ३ ची कोरडी मर्यादा २०५ अंश सेल्सिअस आणि ओली १४०. डॉट ४ साठी २३० आणि १५५. डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. या किमान मर्यादा आहेत. एखाद्या कंपनीचं डॉट ४ कोरडं असताना २६० ला उकळत असेल, तरी नाव डॉट ४ च राहतं. सिलिकोनच्या डॉट ५ चे आकडे ५.१ सारखेच आहेत आणि नावही सारखं वाटतं, पण ५.१ हे ग्लायकॉलचं आहे. ही दोन एकमेकांत कधीही मिसळू नयेत.

कोरडा आकडा समजायला सोपा आहे. सीलबंद बाटलीतला ताजा द्रव प्रयोगशाळेत घेतात, ६० मिलिलिटर नमुना काचेच्या चंबूत तापवतात, वर जाणारी वाफ थंड करून परत चंबूत सोडतात आणि उकळी एका लयीत आली की तापमान वाचतात. वाफ बाहेर जाऊ दिली नाही म्हणजे द्रवाची घडण बदलत नाही आणि आकडा खरा येतो.

ओल्या आकड्यात मात्र एक खुबी आहे आणि ती बहुतेक ठिकाणी चुकीची सांगितली जाते. सर्रास असं म्हणतात की ऑइलमध्ये ३.७ टक्के पाणी घालतात आणि मग उकळबिंदू मोजतात. चाचणी तशी नाही. तपासायचं ऑइल आणि एक ठरलेलं प्रमाण ऑइल, दोन्ही एकाच दमट हवेच्या बंद भांड्यात ५० अंश तापमानाला शेजारी शेजारी ठेवतात. प्रमाण ऑइलने ३.७ टक्के पाणी ओढलं की दोन्ही बाहेर काढतात. तेवढ्या वेळात तपासायच्या ऑइलने जितकं ओढलं असेल तितकं. कुणी ३.७ पेक्षा कमी ओढतं, कुणी जास्त. त्यानंतर त्याचा उकळबिंदू मोजतात. म्हणजे या एकाच आकड्यात दोन परीक्षा आहेत. ऑइल पाणी किती वेगाने ओढतं, आणि ओढल्यावर उष्णतेपुढे किती टिकतं. नुसतं मोजून पाणी घातलं असतं तर पहिली परीक्षा झालीच नसती. ओला आकडा म्हणजे काही वर्षं वापरात राहिलेल्या ऑइलची गत काय होईल याचा अंदाज आहे. ती शेवटची पायरी मात्र नाही. ऑइल बदललंच नाही तर पाणी त्याहून वाढतं आणि उकळबिंदू छापलेल्या आकड्याखाली जातो.

आणखी एक गोष्ट मर्यादांच्या जोडीकडे पाहून कळत नाही. उकळबिंदू पाण्याबरोबर सरळ रेषेत उतरत नाही. पहिल्या एकदोन टक्क्यांनीच मोठी घसरण होते, पुढे ती मंदावते. त्यामुळे ‘अजून थोडंच पाणी आहे’ या बोलण्याला अर्थ नाही. डॉट ४ मध्ये यावर थोडा उपाय केलेला असतो. त्यात बोरेट एस्टर हा घटक असतो आणि तो आत आलेल्या पाण्याशी रासायनिक क्रिया करून त्याला बांधून टाकतो. मोकळं पाणी कमी उरतं म्हणून उकळबिंदू तितका पडत नाही. पण या क्रियेत एस्टर खर्ची पडतो. तो संपत आला की डॉट ४ चा हा आधारही जातो.

पाणी आलं म्हणून पेडल तळाला का जावं, हे समजायला ब्रेकचं काम पाहावं लागेल. पायाने दाबलेलं बळ द्रवातून चाकापर्यंत जातं, कारण द्रव दाबला तरी आकसत नाही. मास्टर सिलिंडर एका पूर्ण दाबात साधारण दहा मिलिलिटरच्या घरातच ऑइल पुढे ढकलतो, आणि तेवढं पुरतं, कारण पॅडला मिलिमीटरच्या अंशाइतकंच सरकायचं असतं. आता कॅलिपरमधल्या ऑइलला उकळी आली असं धरू. ओल्या ऑइलमधून आधी बाहेर पडते ती मुख्यतः पाण्याची वाफ. दहा मिलिग्रॅम पाणी म्हणजे एका थेंबाचा जेमतेम पाचवा भाग. दीडशे अंशांना, बाहेरच्या हवेइतक्या दाबाखाली, त्याची वाफ सुमारे १९ मिलिलिटर जागा व्यापते. मास्टर सिलिंडर जितकं ढकलू शकतो त्याच्या जवळपास दुप्पट. पेडल दाबलं की ही वाफ दबते, पॅडपर्यंत बळ पोचत नाही आणि पेडल जमिनीला टेकतं. कॅलिपरमधल्या पन्नासेक मिलिलिटर ओल्या ऑइलमध्ये दीड-दोन ग्रॅम पाणी सहज असतं. त्यातला अगदी किरकोळ अंश उकळला तरी पुरे.

यात एक बारकावा जीवघेणा आहे. पेडल दाबलेलं असताना ऑइलवर मोठा दाब असतो आणि दाबाखाली द्रव उशिरा उकळतो. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभरच्या वर जातं ते याच कारणाने. त्यामुळे ब्रेक लावून ठेवलेला असतो तोवर उकळी दबलेली राहते. पाय काढला की दाब जातो आणि तापलेलं ऑइल त्या क्षणी उकळतं. चालकाला याचा पत्ता लागतो तो पुढच्या वळणावर, पुन्हा पेडल दाबल्यावर. मागच्या वळणाला ब्रेक व्यवस्थित लागला होता, एवढाच त्याचा अनुभव असतो.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारी गाडी घेऊ. गाडी आणि माणसं मिळून १,४०० किलो, उतार साधारण १,२०० मीटरचा, रस्ता चाळीसेक किलोमीटरचा. वजन, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार केला की खाली उतरताना सुमारे १६.५ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्चावी लागते असं दिसतं. टायरचं घर्षण आणि वारा साधारण एक तृतीयांश खातात असं धरू. उरतात ११ मेगाज्यूल. हीच गाडी ८० च्या वेगातून एकदा पूर्ण थांबवली तर ब्रेकमध्ये ०.३५ मेगाज्यूल उष्णता तयार होते. म्हणजे न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये केवळ ब्रेकवर घाट उतरणं हे ८० च्या वेगातून तीसेक वेळा थांबण्याइतकं आहे, तेही डिस्कला निवायला नीट उसंत न देता. एका थांबण्याने पुढच्या डिस्क ४० अंशांच्या आसपास चढतात. वाऱ्याने निवतात, पण वेग कमी असल्याने वाराही बेताचाच मिळतो. हळूहळू डिस्क शेकडो अंशांवर जातात, ती उष्णता पॅडमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून ऑइलला पोचते.

समजा निम्मा घाट उतरून प्रतापगडाच्या फाट्यावर मंडळी चहाला थांबली. इथे सगळ्यांना वाटतं की ब्रेकला विसावा मिळाला. थोड्या वेळाच्या थांब्यात होतं उलटंच. चाकं थांबल्यामुळे वारा बंद होतो आणि डिस्कमधली साठलेली उष्णता निवांतपणे कॅलिपरमध्ये शिरते. गाडी उभी राहिल्यावर काही मिनिटं ऑइलचं तापमान वाढतच असतं. ते १५० ला पोचलं असं धरू. गाडीत ताजं डॉट ४ असेल तर २३० पर्यंत ऐंशी अंशांचा अवकाश आहे आणि कुणाला काही कळणारही नाही. मुरलेलं डॉट ४ असेल तर १५५ वर पाच अंशांचीच फट उरली. मुरलेलं डॉट ३ असेल तर १४० केव्हाच ओलांडले गेले. त्या गाडीत चहा पिऊन पहिल्या वळणावर पाय ठेवला की तो खाली जाईल. तिन्ही गाड्या सकाळी निघताना सारख्याच कडक पेडलने निघाल्या होत्या. थंड गाडीचं पेडल दाबून ऑइलमधलं पाणी कळत नाही.

मग कळतं कशाने? रंगावरून नाही. ऑइल काळपटतं ते रबराचे कण, उष्णता आणि झिजलेला धातू यांमुळे. स्वच्छ पिवळसर ऑइलमध्येही पाणी असू शकतं. गॅरेजमध्ये पेनासारखं एक यंत्र असतं, डबीत बुडवलं की हिरवा किंवा लाल दिवा लागतो. ते ऑइलमधून वीज किती वाहते यावरून पाण्याचा अंदाज करतं. प्रत्येक कंपनीच्या ऑइलची घडण वेगळी असल्याने त्याचा निकाल ढोबळ समजावा. भरवशाचं यंत्र आहे ते ऑइल थोडं तापवून प्रत्यक्ष उकळबिंदू सांगणारं, पण ते थोड्याच गॅरेजमध्ये दिसतं. आणि कुठल्याही यंत्राने डबीतल्या ऑइलची परीक्षा केली, तरी कॅलिपरमधल्या, होजच्या पलीकडच्या ऑइलची अवस्था त्याहून वाईट असू शकते. म्हणून बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तकात साधारण दोन वर्षांची मुदत दिलेली असते आणि ती पाळणं हाच सरळ मार्ग आहे. कोकण-गोव्यासारख्या दमट हवेत राहणाऱ्याने, नित्य घाट ओलांडणाऱ्याने ती ओलांडू नये.

बदलणं म्हणजे डबीत नवं ओतणं नव्हे. खालचं जुनं ऑइल तिथेच राहतं आणि धोका तर तिथेच असतो. चारही चाकांच्या निपलमधून जुनं ऑइल पूर्ण बाहेर काढून, नवं दिसेपर्यंत एअर काढत नवं भरावं लागतं. आधीच उघडून ठेवलेल्या अर्ध्या बाटलीतलं ऑइल घेऊ नये. तीही हवेतून ओल ओढत असते आणि दुकानात डॉट ४ असलेली बाटली गाडीत भरेपर्यंत डॉट ३ च्या खाली उतरू शकते. गाडीवर लिहिलेल्या प्रतीहून वरची प्रत घालायला सहसा हरकत नसते, पण माहितीपुस्तक पाहून घ्यावं. खालची प्रत घालू नये. इंजिन ऑइल किंवा इतर खनिज तेल थेंबभरही जाऊ देऊ नये, त्याने यंत्रणेतलं रबर फुगतं आणि सगळेच सील बदलावे लागतात. ऑइल पेंटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवावं, ते रंग काढतं.

ऑइल विकत घेताना मी नेहमी दुसरा, ओला आकडा पाहायला सांगतो. शर्यतीच्या गाड्यांची काही ऑइल कोरडी असताना ३०० अंशांच्या पुढे उकळतात, पण ती प्रत्येक शर्यतीआधी बदलली जातात. त्यांच्या मालकांना ओल्या आकड्याशी फारसं कर्तव्य नसतं. आपल्या गाडीत ऑइल दोन वर्षं राहणार आहे आणि त्यातला बहुतेक काळ ते ओल्या आकड्याच्या दिशेने सरकत असतं. कोरडा २७० आणि ओला १५८ असलेल्या बाटलीपेक्षा कोरडा २५० आणि ओला १७० असलेली बाटली घाटवाल्याने घ्यावी, महाग असली तरी.

उतारावर जाताना ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. इंजिन ऊर्जा ओढतं आणि ब्रेकला तापायला कमी कारण राहतं. पेडल मऊ पडत चाललं असं वाटलं तर त्याच क्षणी खालच्या गिअरमध्ये जा आणि पहिली सुरक्षित मोकळी जागा दिसताच थांबा. ते तळालाच गेलं तर सोडून पुन्हा पुन्हा दाबा, थोडा तरी दाब मिळू शकतो. केबलने चालणाऱ्या हँडब्रेकला या ऑइलशी काही देणंघेणं नसतं. मागची चाकं घसरू नयेत म्हणून तो हळूहळू ओढा. नंतर पेडल पहिल्यासारखं झालं तरी तसेच घाट उतरायला निघू नका. गाडी तासभर निवू द्या आणि खाली पोचल्याबरोबर ऑइल बदला. गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला गेलात की ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा. बिलावर तारीख सापडली नाही तर ते बदललेलं नाही असं धरून चला आणि नव्या ऑइलची तारीख डबीजवळच्या कागदी पट्टीवर लिहून चिकटवायला सांगा.